पहिली स्टेज, काळे डाग आणि सहा महिन्यांच्या गोळ्या: खाण कामगारांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज

«खाण कामगार बांधवांनो, लक्षात ठेवा! कोळशाची धूळ एक्स-रेत काळी दिसते, काळे डाग नसतील तर फुफ्फुस साफ. रिपोर्टमध्ये १/० किंवा १/१ लिहिलं असेल तर ती पहिली स्टेज, खाण सोडली की आपोआप धुऊन निघते. पांढरे ठिपके म्हणजे टीबी, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जातात. आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सिलिकोसिस नाही. पुढे पाठवा.»

वणी, बल्लारपूर, उमरेडकडच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. चार वाक्यं आहेत, तीन चुकीची आणि चौथं अर्धसत्य. क्रमानेच घेऊ.

एक्स-रेत काळी दिसते ती हवा. निरोगी फुफ्फुस हवेने भरलेलं, म्हणून ते काळं दिसतं. हाडं, हृदय, गाठी पांढऱ्या दिसतात. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन, तो क्ष-किरण फारसा अडवतच नाही, त्यामुळे धुळीचा कण स्वतः कुठल्याच रंगात दिसत नाही. दिसते ती धुळीभोवती शरीराने केलेली प्रतिक्रिया: पेशींचा गोळा आणि त्यातला तंतुमय चट्टा. तो हवेपेक्षा घट्ट, म्हणून करड्या-पांढऱ्या बारीक ठिपक्यांसारखा उमटतो. खाणकामगाराचं फुफ्फुस काळं असतं हे खरं, पण ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. तेव्हा फोटोत काळे डाग शोधत बसलात तर नेमकं जे बघायचं तेच राहून जाईल.

इथे एक गोष्ट ओबीवर, म्हणजे कोळशाच्या वरच्या दगड-मातीवर, काम करणाऱ्यांनी जास्त लक्ष देऊन वाचावी. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे, आणि वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्ज, म्हणजेच सिलिका. तिच्या धुळीने होतो तो सिलिकोसिस. ओपनकास्टमध्ये ड्रिल मशीनवर बसणारा माणूस कोळशापेक्षा दगडाचीच धूळ जास्त खातो. भूमिगत खाणीत छताला बोल्ट मारणाऱ्याचंही तेच. निव्वळ कोळशाच्या धुळीचे ठिपके बहुधा अगदी बारीक असतात, सिलिकाचे मोठे आणि ठळक. दोन्ही मुख्यतः फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या कोळसा खाणींत गेल्या पंचवीसेक वर्षांत मोठे ठिपके आणि मोठ्या सावल्या वाढल्या, त्याचं कारण तिथले तज्ज्ञ हेच सांगतात: थर पातळ होत गेले आणि कोळशाबरोबर दगड कापला जाऊ लागला. तरी नुसत्या फोटोवरून कोळसा की सिलिका हे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यासाठी माणसाने कुठे, कशावर, किती वर्षं काम केलं ते विचारावंच लागतं.

उलट बाजूही सांगतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक गिट्टी खाणी बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या. त्यात सिलिका भरपूर असते, पण ती खनिजांत बांधलेली असते. मोकळं क्वार्ट्ज नगण्य. म्हणून पुण्याजवळचा क्रशर आणि सिंधुदुर्गात कासार्ड्याची सिलिका वाळू यांचा धोका सारखा नाही.

दुसरं वाक्य सगळ्यात जास्त घोळ घालणारं आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

१/० हा आयएलओच्या वर्गीकरणातला आकडा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने धुळीच्या आजारांचे फोटो सगळीकडे एकाच पद्धतीने वाचले जावेत म्हणून ही पद्धत केली आणि वेळोवेळी सुधारली. २०११ च्या आवृत्तीत डिजिटल एक्स-रेही आले. वाचणारा माणूस कामगाराचा फोटो आणि संघटनेचे नमुना फोटो शेजारी-शेजारी लावतो आणि ठिपके किती दाट आहेत ते जुळवून बघतो. घनता चार वर्गांत मोजतात: ०, १, २, ३. अपूर्णांकातला पहिला आकडा म्हणजे वाचणाऱ्याने शेवटी दिलेला वर्ग. दुसरा म्हणजे त्याने गांभीर्याने विचारात घेतलेला शेजारचा वर्ग. १/० म्हणजे: मी १ देतो, पण ० असावा असंही मला वाटून गेलं. ०/१ म्हणजे याच्या उलट: ० देतो, पण १ ची शंका आली. १/१ म्हणजे १, दुसरा विचारही आला नाही. अशा ०/- पासून ३/+ पर्यंत बारा पायऱ्या आहेत. डाव्या-उजव्या फुफ्फुसाशी या आकड्यांचा संबंध नाही, आणि कॅन्सरच्या स्टेजसारख्याही त्या नाहीत.

पूर्ण वाचन कसं होतं ते एका कल्पित फोटोवर बघू. वय ४८, ओबी ड्रिलिंगवर १९ वर्षं.

सगळ्यात आधी फोटोचा दर्जा, १ ते ४. चौथा दर्जा म्हणजे फोटो पुन्हा काढा. याचा दर्जा २: थोडा दोष आहे, पण वाचनात अडचण नाही. मग ठिपक्यांचा आकार. गोल ठिपक्यांना तीन अक्षरं: पी म्हणजे दीड मिलिमीटरपर्यंत, क्यू म्हणजे दीड ते तीन, आर म्हणजे तीन ते दहा. वेड्यावाकड्या सावल्यांना त्याच मापाची एस, टी, यू. आपल्या फोटोत बहुतेक ठिपके दोन मिलिमीटरचे, काही चारचे, म्हणून लिहायचं क्यू/आर. आधी जास्त संख्येचा, मग दुसरा. मग प्रत्येक फुफ्फुसाचे वरचा, मधला, खालचा असे भाग, एकूण सहा. ठिपके दोन्हीकडे वर आणि मध्ये आहेत, म्हणून चार खुणा. आता घनता. १ च्या नमुन्यापेक्षा दाट, २ च्या जवळ, पण १ चा विचार आला: २/१. शेवटी मोठ्या सावल्या. दहा मिलिमीटरच्या वरची कुठलीही सावली वेगळी मोजतात. उजवीकडे वर एक २२ मिलिमीटरची, डावीकडे १४ ची. बेरीज ३६. पन्नासपर्यंत ए, त्यापुढे बी, आणि सगळ्या मिळून उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागापेक्षा जास्त जागा व्यापली तर सी. म्हणून इथे ए.

मेसेजवाल्याने नेमकं हेच सोडलंय. ए लिहिलं गेलं की ठिपक्यांचा आकडा १/१ असो की २/१, आजार साधा राहत नाही. तंतुमय गाठी एकमेकींत मिसळून गोळे होऊ लागलेले असतात. त्यामुळे १/१ सोबत ए असलेला माणूस, नुसत्या २/२ वाल्यापेक्षा पुढे गेलेला असू शकतो.

राहिलं धुऊन निघण्याचं. सिलिकोसिसचे चट्टे जात नाहीत. धूळ बंद झाल्यावरही आजार कित्येकांत वाढत राहतो, कारण सिलिकाचे कण फुफ्फुसातच असतात. निव्वळ कोळशाचा साधा आजार धूळ थांबल्यावर बहुधा फारसा पुढे सरकत नाही, पण मोठ्या सावल्या खाण सोडल्यावरही वाढू शकतात. खाण सोडायची की नाही, हा प्रश्न म्हणून निरर्थक होत नाही. साठा आणखी वाढू नये एवढा तरी फायदा धूळ थांबवण्याचा आहेच. फक्त पूर्वीसारखं होईल हे आश्वासन कुणी देऊ नये.

आणखी एक: आयएलओच्या पुस्तिकेतच लिहिलंय की हे वर्गीकरण नुकसानभरपाई ठरवण्यासाठी केलेलं नाही. सावल्या दाट पण धाप कमी, सावल्या विरळ पण धाप जास्त, दोन्ही बघायला मिळतं. फुफ्फुसाची क्षमता कळते ती स्पायरोमेट्रीने, म्हणजे नळीत जोरात फुंकायच्या चाचणीने.

टीबीची गल्लत करणारे फक्त मेसेज लिहिणारे नाहीत. बरेच डॉक्टरही वरच्या भागात पांढरे डाग दिसले की टीबीच्या गोळ्या चालू करतात, आणि दगडाची धूळ खाल्लेला माणूस एक कोर्स संपवून दुसऱ्याला लागतो. फरक दाखवणाऱ्या काही खुणा आहेत. सिलिकोसिसचे ठिपके दोन्हीकडे बऱ्यापैकी सारखे पसरतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू बदलतात. फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींना कधी अंड्याच्या टरफलासारखी चुन्याची कड दिसते. टीबीत एक बाजू जास्त, पोकळी, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बदल. पण या खुणांवर विसंबून गोळ्या नाकारूही नयेत, कारण सिलिकाने फुफ्फुसातल्या संरक्षक पेशीच जखमी होतात आणि टीबीचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दोन्ही एकाच फुफ्फुसात असणं मुळीच दुर्मिळ नाही. तेव्हा बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीला द्या. जंतू सापडला तर पूर्ण उपचार घ्या, पण उपचारांनंतर उरलेले ठिपके सिलिकोसिसचे आहेत का, हेही तपासा. जुन्या ठिपक्यांत अचानक एकाच बाजूला वाढ, नवी पोकळी, ताप, वजन घटणं दिसलं तर लगेच पुन्हा बेडका.

शेवटचं वाक्य अर्धसत्य आहे, म्हणून धोकादायक. सिलिकोसिस सहसा दहा वर्षांहून जास्त धुळीनंतर फोटोत दिसू लागतो, आणि ऊतीतला बदल त्याच्या आधी सुरू झालेला असतो. चौथ्या वर्षी नॉर्मल आलेला फोटो चौदाव्या वर्षी काय दिसेल याबद्दल काहीही सांगत नाही. धूळ फार जबर असेल, दगड कोरडा ड्रिल करणं किंवा वाळूचा फवारा मारून सफाई, तर काही महिन्यांतही तीव्र आजार होतो, आणि त्यात ठिपके नसतात, धुरकट पांढरेपणा येतो. ठिपके मोजणारी पद्धत तिथे कमी पडते.

मग फोटो कसा काढला हा भाग. किरण जास्त पडले तर फोटो काळाकुट्ट होतो आणि पी आकाराचे ठिपके पुसले जातात. कमी पडले तर नेहमीच्या रक्तवाहिन्याच ठिपक्यांसारख्या वाटतात. श्वास पूर्ण भरून रोखला नाही तर खालच्या भागात सगळं दाटीवाटीने दिसतं. शिबिराच्या गाडीत घाईने काढलेल्या फोटोवर ०/० लिहिलं असेल तर आधी दर्जाचा रकाना बघा. आणि ०/१ की १/० यावर दोन अनुभवी वाचकांचंही कित्येकदा एकमत होत नाही, म्हणून महत्त्वाच्या निर्णयासाठी एकाहून जास्त जणांनी स्वतंत्रपणे वाचायचं असतं. सीटी स्कॅनमध्ये बारीक ठिपके लवकर दिसतात, पण आयएलओचे आकडे सीटीला लावत नाहीत. कोळशाच्या धुळीने सीओपीडी हा श्वासनलिका अरुंद करणारा आजारही होतो, फोटोत एकही ठिपका नसताना.

१९५२ च्या खाण कायद्याखालच्या नियमांनुसार कामगाराची वैद्यकीय तपासणी पाच वर्षांतून किमान एकदा बंधनकारक होती, आणि तिचा अहवाल ‘फॉर्म ओ’ या नमुन्यात लिहिला जायचा. आपल्या तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घ्या, सोबत एक्स-रेची सीडी. आधीचा फोटो असेल तर नव्यासोबत तोही दाखवा. पूर्वी ०/१ असलेला आज १/१ झाला का, हे जुना फोटो शेजारी लावल्यावरच कळतं. मोबाइलवर काढलेला फोटोचा फोटो ग्रुपवर टाकून मत विचारू नका, त्यात पी आकाराचे ठिपके दिसणारच नाहीत.