आधी बी-१२ तपासा, मग फॉलिक ॲसिड

“होमोसिस्टीन वाढलं? फॉलिक ॲसिडची गोळी पुरे. बी-१२, बी-६ म्हणजे कंपन्यांचा धंदा. आकडा उतरला की हार्ट अटॅकची भीती संपली.”

यवतमाळकडच्या आमच्या गावात हा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर आला, आणि माझ्या मामांनी तो खरा मानला. होमोसिस्टीन म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल. त्यांचं ते ३८ होतं. साधारण १५ च्या आत असायला हवं. तीन महिने त्यांनी रोज फॉलिक ॲसिड घेतलं. हिमोग्लोबिन वाढलं, सगळे खूश. होमोसिस्टीन मात्र ३३ वरच अडलं. आणि एक दिवस वावरातून येताना पायातली चप्पल कुठं गळाली, हे त्यांना कळलंच नाही.

मामा माळकरी. ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. फोलेट, म्हणजे अन्नातलं फॉलिक ॲसिड, त्यांना यातून मिळतच होतं. बी-१२ मात्र डाळीत नाही, भाजीतही नाही. दुधातून मिळेल तेवढंच. तपासलं तर ११० निघालं, फारच कमी.

प्रथिनांतून मेथिओनीन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. ते आपला मिथाइल गट, म्हणजे कार्बनचा एक छोटा तुकडा, शरीराच्या कामांसाठी देऊन टाकतं आणि शेवटी होमोसिस्टीन उरतं. त्याचं पुन्हा मेथिओनीन व्हायला नवा मिथाइल गट लागतो. तो फोलेट आणतं, पण त्याच्याकडून घेऊन होमोसिस्टीनवर चढवणारं एन्झाइम बी-१२ शिवाय चालत नाही. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात उभ्या आणि माल उतरवायला माणूसच नाही, तर आणखी गाड्या आणून काय उपयोग? फोलेट तिथंच अडकतं. गोळीतलं फॉलिक ॲसिड मात्र या अडथळ्यात न सापडता रक्तपेशी बनवायच्या कामी येतं, म्हणून रक्त सुधारतं. बी-१२ कमी पडल्यानं होणारी नसांची झीज मात्र तशीच चालू राहते, आणि रिपोर्ट चांगला दिसल्यामुळे कोणी शोधत नाही. या मेसेजचा मला राग येतो तो यासाठी.

बी-६ ची वाट वेगळी. त्याच्या मदतीनं होमोसिस्टीनचं सिस्टीन हे दुसरं अमिनो आम्ल होतं आणि ते साखळीतून कायमचं बाहेर पडतं. उपाशीपोटीचा आकडा एकट्या बी-६ नं फारसा हलत नाही. प्रथिनं भरपूर खाल्ल्यावर जो चढतो, तो आवरायला ते लागतं. पण मोठा डोस महिनोन्‌महिने घेऊ नका, त्यानंही हातपाय बधिर होतात.

हार्ट अटॅकचं म्हणाल, तर २००६ च्या होप-२ अभ्यासात साडेपाच हजार लोकांपैकी निम्म्यांना ही तिन्ही जीवनसत्त्वं सुमारे पाच वर्षं दिली. होमोसिस्टीन उतरलं, पक्षाघात थोडे कमी झाले, पण हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आकडा उतरला तरी बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका.

तपासणी करताना एक विचारून घ्या: रक्त लगेच बर्फात ठेवलं का, तासाभरात सेंट्रिफ्यूज केलं का, म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या का? उन्हाळ्यात बसनं शहरात गेलेल्या नमुन्यात तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटा फुगतो.

मामांना डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली. दोन महिन्यांत होमोसिस्टीन १४ वर आलं. चप्पल पायात आहे की नाही ते आता कळतं, पण तळव्यांचा बधिरपणा पुरता गेलेला नाही.