पंचवीस टक्के म्हणजे पाव भाग नव्हे!

पेट्रोलचा विषय निघाला की कोणीतरी १०५ ला २५ टक्क्यांनी गुणतं आणि राज्याचा कर काढून मोकळं होतं. अहो, पंपावरच्या दरात तो कर आधीच मिसळलेला असतो, त्याच्यावर पुन्हा टक्के कसले लावता?

सोपे आकडे घ्या. मूळ किंमत वाहतुकीसह ५६ रुपये, केंद्राचं उत्पादन शुल्क २०, पंपचालकाचं कमिशन ४. झाले ८०. महाराष्ट्राचा व्हॅट या ८० वर लागतो: २५ टक्क्यांचे २० रुपये, वर लिटरमागे ठरलेले ५.१२. दर १०५.१२.

म्हणजे केंद्राच्या शुल्कावरही राज्य कर घेतं. खरी चीड याची, आणि नेमकं हेच कोणी बोलत नाही! म्हणून तर मे २०२२ मध्ये केंद्राने ८ रुपये कमी केले तेव्हा पेट्रोल साडेनऊ रुपयांनी उतरेल, असं जाहीर झालं. वरच्या हिशेबात ८ घटवा, दर १० ने उतरतो. ते दोन रुपये व्हॅटचे. राज्याने टक्का बदललेलाच नसतो, तरी श्रेयासाठी भांडणं सुरू. आणि शिव्या खातो कोण? चार रुपयेवाला पंपचालक, ज्याच्या हातात दर ठरवणं नाहीच.