अनंत शिडीचा रोध अनंत नसतो

«अनंत रोधकांच्या शिडीचं उत्तर 1.618R असं शिकवतात ती शुद्ध फसवणूक आहे. रोधक अनंत, म्हणजे रोधही अनंतच! एक पायरी काढली तरी शिडी तीच राहते, हे कुणी सिद्ध केलं? समीकरणाला दोन उत्तरं येतात, त्यातलं नकोसं गुपचूप टाकतात. आणि अशी शिडी बनवताच येत नाही, मग तपासणार कसं? पुढे पाठवा.»

हा मजकूर फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने वहीतलं बरोबर उत्तर खोडून तिथे अनंताची खूण काढली. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सगळ्यात जास्त नुकसान पहिलं विधान करतं. रोधक वाढले की रोध वाढतो, हे एकसर जोडणीत खरं. या शिडीच्या प्रत्येक पायरीत R इतक्याच रोधाचे दोन रोधक असतात. एक आडवा, धारेच्या वाटेत. दुसरा उभा, वरच्या आणि खालच्या तारेच्या मध्ये. हा उभा रोधक धारेला परतायला आणखी एक वाट देतो, आणि वाट वाढली की रोध घटतो.

हाताने मोजून बघा. एकच पायरी असेल तर R + R = 2R. दुसरी जोडली की तिचे 2R पहिलीच्या उभ्या R ला समांतर येतात, त्यांचे होतात 2R/3. त्यात आडवा R मिळवला की 5R/3, म्हणजे 1.667R. तीन पायऱ्यांना 13R/8 = 1.625R, चार पायऱ्यांना 34R/21 = 1.619R. शिडी लांबते आहे आणि रोध कमी होतो आहे! अनंताकडे जाणार कुठून?

आता शेवटच्या टोकाच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाका आणि पुन्हा मोजा: R, 1.5R, 1.6R, 1.615R. ही रांग खालून चढते. टोकाला शून्यापासून अनंतापर्यंत कोणताही रोध लावला, तरी उत्तर या दोन रांगांच्या मधेच सापडतं, कारण जाळ्यातला एखादा रोध वाढवल्याने एकूण रोध कधी घटत नाही. चौथ्या पायरीलाच मधली फट 0.004R इतकी उरते. दोन्ही रांगा 1.618R पाशी मिळतात.

धारेकडे पाहिलं तर कारणही दिसतं. पहिल्या उभ्या रोधकातून 61.8 टक्के धारा परत फिरते, पुढे जाते ती 38.2 टक्के. पुढच्या प्रत्येक पायरीला तेच प्रमाण. पाच पायऱ्यांपलीकडे एक टक्काही धारा पोचत नाही. त्यापुढे किती रोधक आहेत, याने बॅटरीला जवळजवळ काही फरक पडत नाही.

संपूर्ण शिडीचा रोध x धरला, तर «एक पायरी काढली तरी शिडी तीच» यातून समीकरण मिळतं:

x = R + R·x/(R + x)

म्हणजे x² − R·x − R² = 0. मात्र पायरी पूर्ण काढायची, आडवा आणि उभा दोन्ही रोधक. नुसता आडवा काढला तर उरलेल्याचा रोध 0.618R होतो आणि सगळं बिघडतं.

इथे त्या मजकुरातली एक अर्धी गोष्ट मान्य करावी लागते. हे समीकरण x ला ठरावीक किंमत आहे असं धरून चालतं, ती असल्याचं ते स्वतः सिद्ध करत नाही. फाइनमन यांच्या भौतिकशास्त्रावरील व्याख्यानांच्या दुसऱ्या खंडात, 22 व्या प्रकरणात, हीच युक्ती प्रेरक आणि धारित्रांच्या शिडीला लावली आहे. तिथे प्रत्यावर्ती धारेची कोनीय वारंवारता ω, प्रत्येक प्रेरकाचं प्रेरकत्व L आणि प्रत्येक धारित्राची धारिता C धरली, तर ω² < 4/LC असताना प्रतिबाधेत, म्हणजे अशा धारेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात, खराखुरा रोध दिसतो, जरी आदर्श प्रेरक आणि धारित्र स्वतः ऊर्जा खात नाहीत. तशी मर्यादित शिडी कितीही लांबवली तरी तिची किंमत त्या उत्तरावर स्थिरावत नाही. तिथे शंका घेणं योग्य आहे. रोधकांच्या शिडीत मात्र वरच्या दोन रांगांनी ती शंका मिटते.

दुसरं उत्तर −0.618R. धन रोधकांच्या जाळ्याचा रोध ऋण येऊच शकत नाही, आणि ते कुणी लपवतही नाही. शिवाय प्रत्येक नवी पायरी 1.618R जवळची चूक सुमारे सातपट कमी करते, तर −0.618R जवळची तेवढीच वाढवते. त्यामुळे पायऱ्या जोडत जाऊन तिथे पोचता येत नाही.

तपासणं तर अगदी सोपं आहे. 1 किलोओहमच्या एक टक्का अचूकतेच्या आठ रोधकांनी चार पायऱ्या जोडा, मल्टिमीटर 1619 ओहमच्या आसपास दाखवेल. अनंत शिडीपेक्षा हे जेमतेम एक ओहम जास्त आहे, आणि रोधकांची स्वतःची चूकच त्याहून मोठी असते. एवढेही नकोत तर एकच पायरी घ्या आणि तिच्या टोकाला, उभ्या रोधकाला समांतर, 1.62 किलोओहमचा रोधक जोडा. ही किंमत एक टक्क्याच्या प्रमाणित मालिकेत मिळते. मीटरवर येतील सुमारे 1618 ओहम, म्हणजे तो एक रोधक उरलेल्या संपूर्ण अनंत शिडीचं काम करतो आहे.