दोन पाय, एक आकडा

भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ताईनं त्याच्या खोलीतला पसारा दोन पोत्यांत भरून आमच्याकडे धाडून दिला, कारण आर्वी तालुक्यात आमचं घर म्हणजे नातेवाईकांचं फुकटचं गोडाऊन. पोत्यातून निघालं काय तर प्लास्टिकची गिटार, चार बाणांची नाचायची चटई, आणि ह्या दोन्हीच्या पिना कॉम्प्युटरला लावायला एक छोटासा यूएसबी ॲडाप्टर. दोन्ही वस्तू प्लेस्टेशन २ च्या. प्लेस्टेशन पठ्ठ्यानं आधीच विकून टाकला होता.

मी छपरीत ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्यामुळे घरात कॉम्प्युटरचं जे काही बिघडेल ते मला आलंच पाहिजे असा पोरीचा पक्का समज आहे. "बाबा, लाव ना."

आधी गिटार लावली. तिला तारा नसतात, दांड्यावर पाच रंगीत बटणं आणि खाली एक पट्टी असते, ती पट्टी वर उचलली की वरचा बाण दाबल्याचा सिग्नल जातो, खाली दाबली की खालचा, आणि त्या क्षणी कोणते रंग धरलेत ते गेम बघतो. क्लोन हिरो नावाच्या गिटारच्या गेमवर पहिल्या फटक्यात चालली. म्हटलं चटई तर याहून सोपी, चारच बाण आहेत.

स्टेपमेनिया टाकला, म्हणजे स्क्रीनवर बाण येईल तसा चटईवर पाय ठेवायचा नाचाचा गेम, चटई अंथरली, पोरगी नाचायला लागली. एकेक बाण येतोय तोवर सगळं झकास. मग दोन बाण एकत्र आले, डावा आणि उजवा, दोन्ही पाय फाकवून उडी मारायची असते तिथे, आणि स्क्रीनवर मिस. परत उडी, परत मिस. कधी डावा लागायचा, कधी उजवा, कधी एकही नाही, पण दोन्ही मिळून एकदाही नाही.

"तुले उडीच मारता येत नाही," म्हणून मी तिला बाजूला केलं आणि स्वतः चढलो. नव्वद किलोचा माणूस उडी मारतो तेव्हा चटईला कळलं पाहिजे की नाही? आमच्या शेणानं सारवलेल्या छपरीला कळलं, पोपडा निघाला, चटईला नाही कळलं. तेवढ्यात सातबारा काढायला एक काका आले, दारातच थांबले, माझ्याकडे नीट बघितलं, "मी उद्या येतो" म्हणाले आणि गेले. माय आतून ओरडली, "काहून नाचून रायला बे? तिकडं कापूस वेचाचा पडला हाय!"

मग वाटलं चटईच गेली असेल. तिच्या पोटात फार काही नसतं, वरखाली वीज वाहणारे दोन पडदे आणि मध्ये भोकं पाडलेला फोम, पाय पडला की फोम दबतो, भोकातून दोन्ही पडदे चिकटतात, सर्किट पूर्ण, उचलला की सुटतात. फोम चपटा झाला तर बाण आपोआप दाबलेला राहतो हे खरं, पण आमचे चारही बाण एकेकटे व्यवस्थित लागत होते. आणि गंमत म्हणजे डावा आणि वरचा एकत्र लागत होता, उजवा आणि खालचाही. चार बाणांच्या सहा जोड्या होतात, त्यातल्या बरोबर दोनच नापास, डावा-उजवा आणि वर-खाली. म्हणजे फक्त समोरासमोरचे. फोम काय असा जोड्या बघून खराब होतो का राजेहो?

विंडोजमध्ये `joy.cpl` टाईप केलं की गेम कंट्रोलर तपासायची खिडकी उघडते. अडचण एवढीच की चटईवर उभं राहून टेबलावरचा स्क्रीन मला दिसत नव्हता आणि पोरगी रुसून बसली होती. म्हणून स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि डाव्या बाणावर ठेवला. चौकटीतलं अधिकचं चिन्ह सरकन डावीकडे गेलं. वरवंटा उचलून उजव्यावर ठेवला, उजवीकडे गेलं. मग वरवंटा डाव्यावर आणि लोखंडी खल उजव्यावर. चिन्ह मधोमध येऊन बसलं, जसं काही चटईवर कोणीच नाही.

तिथे ट्यूब पेटली. चटईची काही चूक नव्हती. प्लेस्टेशनच्या वायरीतून प्रत्येक बाणाची बातमी वेगवेगळी जाते, डावा दाबलाय का, उजवा दाबलाय का, दोन प्रश्नांची दोन उत्तरं. ॲडाप्टर मात्र ती दोन उत्तरं जोडून एकच आकडा करत होता: डावीकडे म्हणजे ०, उजवीकडे म्हणजे २५५, कोणीच नाही म्हणजे मधला १२८ च्या आसपास. दोन बैल दोन दिशांना ओढताहेत, बंडी जागेवर, आणि हा कॉम्प्युटरला सांगतो की बैलच जुंपले नाहीत.

आता बनवणाऱ्यालाही शिव्या कशा द्यायच्या. हातातल्या रिमोटचं ते अधिकच्या आकाराचं बटण एकच असतं, ते डावीकडे कललं की उजवीकडून उचललं जातं, दोन्हीकडे एकदम दाबताच येत नाही. गिटारची पट्टीही तशीच, एकदम वर आणि खाली कशी जाणार? म्हणून गिटार चालली. बाजारात दुसऱ्या जातीचे ॲडाप्टर मिळतात, ते आकडा नाही तर एकच दिशा पाठवतात, आठ दिशांपैकी कोणती तरी, त्यातही "डावी आणि उजवी" अशी दिशा नसतेच. माणसाला दोन पाय असतात हे ह्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

उडीचं कोडंही सुटलं. डावा पाय केसभर आधी टेकला तर आकडा आधी ०, लगेच १२८, म्हणजे डावा लागला आणि उजवा कधी आलाच नाही. दोन्ही अगदी एकदम टेकले तर एकही नाही. आणि वर डावा पाय आधी उचलला की उजवा तेव्हा कुठे उगवतो, गाणं पुढे निघून गेल्यावर. मूळ सेटिंगमध्ये १८० मिलिसेकंदांहून जास्त चुकलं की मिस, त्यामुळे त्या उशिराच्या पाहुण्याला कोण विचारतं.

स्टेपमेनियात सेटिंग करून हे सुटत नाही, कारण कॉम्प्युटरपर्यंत येईस्तोवर बातमीच मेलेली असते. बाणांना बटणं म्हणून पाठवणारा ॲडाप्टर पाहिजे, किंवा मग डाग द्यायचं मशीन. गावातल्या मोबाईलवाल्याकडे ते होतं. एक जुना यूएसबी गेमपॅड उघडला. चटईच्या डबीत पडद्याची पट्टी जिथे सर्किटवर दाबून बसवलेली असते तिथून पाच वायरी काढल्या, चार बाणांच्या आणि एक सगळ्यांची सामाईक. पट्टीवरच डाग द्यायला गेलं तर ती जळते, ते भाऊनं आधीच ओळखलं. चटईची जुनी चिप काढून टाकली, नाहीतर दोन मालक एकाच वायरीवर. गेमपॅडच्या बटणांची सामाईक वायर मीटर लावून शोधली आणि बाणांच्या वायरी १ ते ४ नंबरच्या बटणांना जोडल्या, तिथल्या अधिकच्या आकाराच्या बटणाला हातसुद्धा लावला नाही. भाऊ म्हणाला, "नाचाले एवढा खटाटोप?" आणि पन्नास रुपये घेतले.

घरी येऊन चटई अंथरली आणि परत वरवंटा ठेवून ठेवून स्टेपमेनियाच्या Config Key/Joy Mappings मध्ये बाण नव्याने नेमले. आधी तिथे `Left` दिसायचं, आता `B1`. वरखालची वायर उलट जोडली गेली होती, पण ते तिथेच अदलाबदल करून भागलं.

पोरीला हाक मारली, तपासायची खिडकी उघडली, तर डावा बाण कोणी न दाबता सारखा पेटलेला. वायरी हलवल्या, डाग तपासले, भाऊला फोन लावला, अर्धा तास गेला. शेवटी माय आली, चटईपाशी वाकली आणि डाव्या बाणावरून वरवंटा उचलला.

"सकाळपासून हुडकून रायली मी याले," म्हणाली, आणि ठेच्याच्या मिरच्या वाटायला गेली. मागे डावा बाण विझला.