टिंबाची किंमत

आमच्या घरच्या ग्रुपवर गणपतीच्या आदल्या दिवशी उकडीवरून वाद पेटला. मावशीचं म्हणणं, उकड काढताना पाण्यात थोडं दूध घालायचंच. तिच्या सूनबाईंचं, म्हणजे माझ्या वहिनीचं म्हणणं, नुसतं पाणी आणि चमचाभर तूप पुरतं. दोघी एकाच स्वयंपाकघरात उभ्या होत्या, पण भांडत होत्या ग्रुपवर. तिथे साक्षीदार मिळतात ना!

शेवटी मावशीने मला विचारलं, "तू सांग रे, कोणाचं बरोबर?" मी बसला लटकलेलो, एका हातात दांडा, एका हातात फोन. मला लिहायचं होतं, 'तिचं बरोबर आहे, पण तुझंही चालतं.' घाईत लिहिलं गेलं, "तिच बरोबर आहे", आणि बस वळल्यामुळे पुढचं लिहायच्या आधीच ते निघून गेलं.

एक टिंब राहिलं, बाकी काही नाही. पण मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण सहसा उच्चारत नाही. 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. त्यामुळे 'तिच' दिसलं की डोळे त्याला 'तिच्' वाचतात आणि मन लगेच दुरुस्त करतं, "हां, 'तीच' म्हणायचं असेल." म्हणजे मी म्हणालो होतो, सुनेच्या बोलण्यात तथ्य आहे. मावशीला ऐकू आलं, सूनच काय ती बरोबर, बाकी सगळे वेडे.

मावशीचं उत्तर आलं: "बरं." पूर्णविरामासकट. आमच्या घरात 'बरं'पुढे पूर्णविराम आला की आठवडाभर फोन येत नाही.

मी घाबरून सारवासारव केली: "माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता. तिचे म्हणणे योग्य आहे आणि तुमचेही योग्य आहे." शुद्ध लिहिलं की भांडण मिटतं अशी माझी समजूत. मावशीला मी जन्मात 'तुम्ही' म्हटलेलं नाही. पाच मिनिटांत आईचा फोन, "काय रे, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं काय लिहितोयस? ती रडायला आलीये."

चॅटवर 'केले, झाले, सांगितले' लिहिलं की नोटीस वाटते, आणि टिंब गाळून 'केल, झाल' लिहिलं की लिहिणारा अर्धवट झोपेत वाटतो. 'केलं'वरचं टिंब नाकातून म्हणायचं नाहीच. इथे शेवटचा 'अ' ताणून म्हणा, एवढंच ते सांगतं. गंमत म्हणजे पूर्वी 'केलें' असं टिंबासकट लिहीत. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि 'केलें'चं 'केले' झालं. बोलीतल्या 'केलं'वर मात्र ते राहिलं, आणि ते राहिल्यामुळेच आपलं बोलणं कागदावर ऐकू येतं.

सगळ्यात हाल 'आहे' चिकटतो तिथे होतात. 'आलं आहे'चं बोलताना 'आलंय' होतं. टिंब गेलं की 'आलय' उरतं, आणि ते देवालय, विद्यालयाच्या पंक्तीला जाऊन बसतं. आमचे शेजारी रोज लिहितात, "पार्सल आलय." मला दर वेळी वाटतं, ही कुठलीतरी नवी संस्था. 'झालय' तर हिमालयाचा धाकटा भाऊ.

टिंबानंतर नंबर जागेचा. 'ये ना' ही विनवणी. 'येना' लिहिलं की क्षणभर 'येईना' वाटतं, म्हणजे बोलावणं गेलं आणि तक्रार आली. 'च'चं उलट आहे. तो शब्दाला चिकटूनच बसतो. 'मी च' असं तोडलं की वाचताना ठेच लागते.

असो. रात्री घरी आल्यावर शांत बसून, दोन्ही हातांनी, एकेक टिंब मोजून लिहिलं: "अगं मावशी, तिचं बरोबर आहे, तुझंही बरोबरच आहे. मला दोन्ही उकडींचे मोदक खायचेत गं." दोनदा वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं. आपण तिच्यासमोर असेच बोललो असतो असं कानाला वाटलं, तेव्हा पाठवलं. मोठ्यानं वाचताना अडखळलं तर समजावं, टिंब तरी गेलंय नाहीतर नोटीस तरी झालीये.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शांतता. मग मावशीचा निरोप: "मोदक झालेत. उकड दुधाचीच केली. डबा भरुन ठेवलाय, सगळ गरम आहे तोवर येना."

'सगळ'वर टिंब नव्हतं. 'भरुन'मधला 'रु' ऱ्हस्व होता. 'येना' जोडून. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. "निघालोच," एवढंच लिहिलं, 'च' नीट चिकटवून, आणि चपला घातल्या.