तू ते केलंस!

मध्यंतरी माझ्याकडे शुभेच्छापत्रांच्या मजकुराचं काम आलं. परीक्षेचा निकाल, नवी नोकरी आणि लग्न असे तीन प्रसंग, प्रत्येकी वीस वाक्यं, इंग्रजीतून मराठीत. एवढीएवढीशी साठ वाक्यं, दुपारच्या चहापर्यंत हातावेगळी होतील, असा हिशेब करून मी हो म्हणून बसलो. सोबत सूचना एकच होती : भाषा ऊबदार हवी, पण सलगीची नको. तिकडे माझं लक्ष गेलं नाही. ऊब काय, घालू की. 'अभिनंदन'च्या आधी 'हार्दिक' लावलं की झालं.

निकालाच्या पत्रातली पहिलीच ओळ होती, "यू डिड इट!" मी लिहिलं, "तू ते केलंस!" पुढे "वेल डिझर्व्ड" होतं. तिथे "तू याच लायकीचा आहेस" असं लिहून टाकलं आणि सवयीप्रमाणे आईला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"काय फोडलं त्याने?" आईने विचारलं.

"फोडलं नाही गं, पास झालाय."

"मग त्याच्यावर ओरडतोयस कशाला?"

तिचं बरोबर होतं. मराठीत "तू ते केलंस" हे अभिनंदन नसून आरोपपत्र आहे. आपल्याकडे 'ते' जे काही असतं, ते करणाऱ्याचं कौतुक सहसा होत नाही. आणि 'लायकी' हा शब्द कोशात कितीही सभ्य असला, तरी घराघरांत तो भांडणातच बाहेर काढतात. 'पात्र' म्हणावं, तर "आपण या यशास पात्र आहात" हे एखाद्या समितीने ठराव करून कळवल्यासारखं वाटतं. शेवटी आईलाच विचारलं, "मी दहावी पास झालो तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, सुटलास बाबा एकदाचा."

हे पत्रावर छापता येण्यासारखं नव्हतं.

पण त्यातून वाट सापडली. 'अभिनंदन' हा शब्द मुळात व्यासपीठावरचा. घरात कोणी कोणाचं अभिनंदन करत नाही. घरातला माणूस "काय सांगतेस!" म्हणतो, "शाब्बास पठ्ठे!" म्हणतो, "पेढे कुठायत?" म्हणतो, आणि फारच भरून आलं तर "नाव काढलंस" म्हणतो. ऊब आहे ती इथे. 'हार्दिक' तर चौकाचौकातल्या फ्लेक्सवर ऊनपाऊस खाऊन केव्हाच गार पडलंय.

दुसरी अडचण व्याकरणाची. पत्र मुलाला जाणार की मुलीला, हे छापणाऱ्याला माहीत नसतं. इंग्रजीला त्याचं सोयरसुतक नाही. आपल्याकडे मात्र "पास झालास" की "पास झालीस" हे आधी ठरवावं लागतं. "तुम्ही पास झालात" म्हटलं की पेच सुटतो, पण शाळकरी पोराला अहोजाहो केल्यावर ऊब कुठली उरायला? "पास झालास/झालीस" अशी तिरकी रेघ मारावी, तर ते थेट सरकारी अर्जासारखं दिसतं. दोन दिवस मी त्या रेघेशी झुंजत होतो. मग उजेड पडला. 'होणे' हे क्रियापद माणसाकडे बघून बदलतं. पण 'काढणे', 'मिळवणे', 'मारणे' ही भूतकाळात कर्माकडे बघतात. मुलगा असो की मुलगी, "नाव काढलंस" म्हणायचं, कारण क्रियापद 'नाव' या शब्दाच्या मागून चाललंय. "यश मिळवलंस", "बाजी मारलीस" यांचंही तेच. म्हणजे 'तू'ची जवळीकही राहते आणि रेघही जाते. शाळेत कर्मणी प्रयोगावर मार खाल्ला होता, त्याची भरपाई इतक्या वर्षांनी झाली. निकालाची वीस वाक्यं मी एका बैठकीत नव्याने लिहिली आणि पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी शंकांचं पत्रक आलं. या धंद्यात एक उलटतपासणी असते. आपलं मराठी दुसरा कोणीतरी शब्दाला शब्द ठेवून परत इंग्रजीत नेतो आणि गिऱ्हाईक ते मूळ मजकुराशी ताडून बघतं. त्या वाटेने "नाव काढलंस" हे "तू नाव बाहेर काढलेस" होऊन पोचलं होतं. शेरा होता : कोणाचे नाव? यादीतून काढले काय? "बाजी मारलीस" पुढे लिहिलं होतं : हे फक्त मुलींसाठी का? त्यांना तो 'ली' मुलीचा वाटला. तो बाजीचा आहे हे समजावण्यात माझी एक सकाळ गेली. पण कळस गाठला "तुझ्या कष्टांचं चीज झालं" या वाक्याने. तिथे लाल अक्षरांत प्रश्न होता, मूळ मजकुरात दुग्धजन्य पदार्थ नाही, तो मराठीत कुठून आला?

मी सविस्तर खुलासा लिहिला. चीज वाचलं.

नोकरीच्या वाक्यांनी तुलनेने कमी छळलं. मराठीत नोकरी 'लागते', ठेच लागावी तशी. त्यामुळे माणसाच्या कर्तबगारीला तिथे फारसा वाव नसतो. "लागलास का कुठे चिकटून?" यात ऊब पुष्कळ आहे, पण पत्र वरिष्ठांकडून कनिष्ठांकडेही जाणार होतं. "मार्गी लागलास" म्हणावं, तर आधी तो वाया गेला होता असं ध्वनित होतं. तिथे "नव्या नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन, आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा" असं गुमान लिहिलं. झालेल्या गोष्टीचं अभिनंदन, व्हायच्या गोष्टीला शुभेच्छा. निदान इथे तरी कामाची वाटणी सरळ आहे.

लग्नात ती वाटणीही कोलमडते. लग्न झालं म्हणून अभिनंदन करावं, तर काहीतरी स्पर्धा जिंकल्यासारखं वाटतं. शिवाय पाठवणारा कोण, यावर सगळं अवलंबून. मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा, बरोबरीच्यांनी "अडकलास शेवटी" म्हणायचं, आणि लहानांनी वाकून नमस्कार करायचा. छापील पत्राला पाठवणाऱ्याचं वय ठाऊक नसतं. मी मोठ्या हौसेने "नांदा सौख्य भरे" लिहिलं. मग डोळ्यांसमोर चित्र आलं, पंचविशीतला भाचा उशिरा लग्न करणाऱ्या मामाला वरून हात ठेवून "नांदा" म्हणतोय. ते खोडलं. "तुमचा संसार सुखाचा होवो" लिहिलं. यात सांगणं आहे ते संसाराला, मामाला नाही. त्यामुळे आजीने म्हटलं तरी चालतं आणि भाच्यानेही. 'होवो' या दोन अक्षरांवर मी त्या रात्री निवांत झोपलो.

काम पोचलं, पसंत पडलं. आठवड्याने त्यांच्याकडून एक सुबक पत्र आलं, खास माझ्यासाठी मराठीत. बहुधा कोणीतरी माझ्या फाईलचा पहिलाच, मी रद्द केलेला मसुदा उघडून कौतुकाने त्यातली वाक्यं उचलली असावीत.

"तू ते केलंस!" वर ठळक अक्षरांत होतं. खाली होतं, "तू याच लायकीचा आहेस."

सोबत माझं बिल परत आलं होतं. त्यातली वीस वाक्यं दुरुस्ती म्हणून वजा केली होती.