ऑल रिस्क्सचं सर्टिफिकेट आणि नऊ दिवस बंद राहिलेला कंटेनर

"सर्टिफिकेटवर ऑल रिस्क्स असेल तर मालाला काहीही होऊ दे, पैसे मिळतात. मागचा बारीक मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो, वाचायची गरज नाही. आणि क्लेमची घाई नको, माल सावकाश उघडा, फोटो काढा, महिनाभरात कळवलं तरी चालतं."

जहाजाने येणाऱ्या मालाच्या विम्याबद्दल हा मेसेज आयातदारांच्या ग्रुपांवर फिरतोय आणि मलाही तीन जणांनी पाठवला.

पहिल्या वाक्यातला घोळ रिस्क या शब्दाचा आहे. रिस्क म्हणजे होईल की नाही हे आधी सांगता येत नाही असं काहीतरी, म्हणजे कंटेनर पडला, दाराच्या फटीतून समुद्राचं पाणी आत गेलं, वाटेत चोरी झाली. जे होणारच होतं ते रिस्क नाही, म्हणून पिंपातून नेहमीइतकं झिरपणं किंवा धान्याचं प्रवासात ठरल्याइतकं वजन घटणं यात येत नाही. मालाच्या विम्याच्या छापील अटींचे ए, बी आणि सी असे तीन संच असतात, त्यांना क्लॉज म्हणतात. क्लॉज ए म्हणजेच ऑल रिस्क्सचा फायदा खरा आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. क्लॉज बी आणि सी मध्ये तुमचं नुकसान दिलेल्या यादीतल्या कारणाने झालं हे तुम्हाला दाखवावं लागतं. ए मध्ये माल निघाला तेव्हा धड होता, पोचला तेव्हा खराब होता आणि मधे काहीतरी आकस्मिक घडलं एवढं पटण्याजोगं दाखवलं की पुढे अपवाद लागतो हे सिद्ध करायचं काम इन्शुरन्सवाल्यांचं. एक अजून, सर्टिफिकेट विकणाऱ्याने काढलं असेल तर आधी ते ए आहे का ते बघा, कारण इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटींप्रमाणे सीआयएफ सौद्यात, म्हणजे विकणारा बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो त्यात, त्याला फक्त सी काढणं बंधनकारक आहे, ए लागतो सीआयपी मध्ये, जिथे तो ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो. आणि ए मध्येही युद्ध आणि संप बाहेरच असतात, ते वेगळे क्लॉज जोडून घ्यावे लागतात.

आता तो न वाचायचा बारीक मजकूर. एक केस सांगतो, मी तिचे कागद पाहिलेत, नावं नको. चाळीस फुटी कंटेनर, आत लाकडी पॅलेटवर ४०० खोकी, प्रत्येक खोक्यात एक विजेची मोटर, खोक्याची किंमत २५० डॉलर. म्हणजे माल १,००,००० चा आणि वर दहा टक्के धरून विमा १,१०,००० चा. कंटेनर मंगळवारी यार्डात आला, गोडाऊन भरलेलं होतं म्हणून ड्रायव्हरच्या पावतीवर शेरा न मारता सही दिली, पोराने सील कापून कचऱ्यात टाकलं आणि दार परत लावून ठेवलं. नवव्या दिवशी उघडला तर १४० खोकी ओली.

सर्व्हेअर आला आणि त्याने आधी खोक्यांची जागा मांडली. दाराजवळची ६० खोकी खालच्या थरांत भिजलेली आणि दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं. बाकीची ८० मात्र मधल्या भागात, तीही वरच्या थरात, वरून थेंब पडल्यासारखे डाग. मग त्याने डागांवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दाराजवळच्या डागांवर लगेच दुधासारखा पांढरा साका आला, म्हणजे क्लोराइड, म्हणजे बहुतेक समुद्राचं पाणी. मधल्या ८० वर काहीच नाही, पाणी गोडं. पॅलेटच्या लाकडात मीटर खुपसला तर ओलावा २८ टक्के. लाकूड ओलं भरलं होतं, उन्हात कंटेनर तापला की ओल वर गेली, रात्री छत गार पडलं की तिथे पाणी धरलं आणि खाली टपकलं, कंटेनरला घाम आला म्हणतात तो हाच.

६० खोक्यांचं नुकसान आकस्मिक, ते कव्हरमध्ये. ८० चा मुद्दा क्लॉज ए मधल्या अपवाद ४.३ वर अडला: नेहमीच्या प्रवासाला न टिकणारं पॅकिंग जर विमाधारकाने किंवा त्याच्या माणसांनी केलं असेल, किंवा विमा सुरू व्हायच्या आधीच झालेलं असेल, तर नुकसान बाहेर. पॅलेट बांधून प्लॅस्टिक गुंडाळायचं काम विकणाऱ्याच्या गोडाऊनमध्ये आधीच उरकलं होतं आणि विमा सुरू होतो माल गाडीत चढवायला म्हणून पहिल्यांदा हलवतात तेव्हा. आयातदार म्हणाला पण मी तर पॅकिंग केलंच नाही, माझी काय चूक? चूक कोणाची हे हा अपवाद विचारत नाही. ८० खोक्यांसाठी भांडायचं तर विकणाऱ्याशी, म्हणून खरेदी करारात लाकडाच्या ओलाव्याची मर्यादा लिहून घेतलेली बरी. उशिराचंही तसंच, वादळाने जहाज रखडलं आणि सिझन गेला तर वादळ कव्हर्ड असलं तरी उशीर बाहेरच.

आता त्या महिनाभराकडे येऊ. सगळ्यात महागात पडतं ते हे. सर्टिफिकेटवर इम्पॉर्टंट क्लॉज म्हणून एक चौकट असते आणि ती जहाज कंपनीविरुद्धचे हक्क जपण्यासाठी आहे, कारण तुम्हाला पैसे दिल्यावर इन्शुरन्सवाले तेच पैसे वाहतूकदाराकडून वसूल करायला जातात. त्यात सांगितलंय की माल शंकास्पद दिसत असेल तर लेखी हरकत नोंदवल्याशिवाय कोरी पावती देऊ नका. कंटेनर आला की तुमच्या जबाबदार माणसाने लगेच कंटेनर आणि सील तपासायचं, सील तुटलेलं, गायब किंवा बीएलवरच्या, म्हणजे माल चढवल्यावर जहाज कंपनी देते त्या कागदावरच्या, नंबरापेक्षा वेगळं असेल तर पावतीवर तसं लिहायचं आणि ते सील जपून ठेवायचं. नुकसान दिसत असेल तर वाहतूकदाराच्या माणसाला लगेच सर्व्हेला बोलवायचं, घेताना दिसत नसेल तर डिलिव्हरीपासून ३ दिवसांत त्याला लेखी कळवायचं. फोटो हवेतच, पण फोटो म्हणजे लेखी नोटीस नाही.

हे तीन दिवस समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय हेग-व्हिस्बी नियमांतही आहेत. चुकले म्हणून वाहतूकदारावरचा हक्क मरत नाही, त्याला दाव्यासाठी एक वर्ष असतं, पण नोटीस नसली की माल बीएलप्रमाणे धड दिला असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्या बाजूवर येतं. आणि एजंटला कळवायचं तेही लगेच, सर्टिफिकेटवर छापलेल्या सर्व्हे एजंटला, ब्रोकरला फोन केला म्हणजे झालं असं नाही.

वरच्या केसमध्ये हिशेब असा झाला. ६० खोकी, विम्याची किंमत २७५ प्रमाणे १६,५००. मोटारी पूर्ण गेल्या नव्हत्या, सुकवून वाइंडिंग तपासून विकता येणार होत्या, सर्व्हेअरने ४० टक्के नुकसान मान्य केलं, म्हणजे ६,६००. अर्धा टक्का एक्सेस, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग, विम्याच्या पूर्ण रकमेवर होता, ५५० गेले, राहिले ६,०५०. पण जहाज कंपनीने उत्तर दिलं की पावती कोरी आहे, सील नाही, नऊ दिवस बंद कंटेनर तुमच्या यार्डात उभा होता, रबर तिथेच फाटलं नसेल कशावरून? इन्शुरन्सवाल्यांनी मग तेच कारण पुढे करून वसुली तुमच्यामुळे बुडाली म्हणून ऑफर कमी केली, आणि दोन महिन्यांच्या ईमेलनंतर ४,००० वर मिटलं. पावतीवर एक ओळ लिहिली असती आणि ते सील एका पाकिटात टाकलं असतं तर बाकीच्या २,०५० साठी भांडायला हातात काहीतरी असतं.